तबल्याची खोली आणि शेजाऱ्यांची भिंत

स्टुडिओच्या फोटोत भिंतीवर दिसणारे करडे, उंचसखल फोमचे चौकोन आता घरपोच मिळतात. विकणारे त्यांना ‘साउंडप्रूफ’ म्हणतात. घरात कुणी तबला किंवा हार्मोनियम शिकत असलं आणि शेजारून एकदा तक्रार आली, की लहान बेडरूमच्या भिंतीवर हे चौकोन चिकटवायचा बेत ठरतो. खोली खरोखर बदलते. आधी टाळी वाजवली की घुमायची, आता ती जागीच विरते. घरच्यांना वाटतं, काम झालं. पण शेजारच्या फ्लॅटमध्ये डग्गा आधीइतकाच ऐकू जातो.

फोम वाईट निघाला म्हणून असं होत नाही. त्याच्यावर सोपवलेलं काम त्याचं नव्हतंच. आवाज शोषणं वेगळं, आवाज अडवणं वेगळं. शोषणाऱ्या वस्तूत हवेला आत शिरता आलं पाहिजे. बारीक छिद्रांमधून ये-जा करताना हवेच्या कंपनांची शक्ती घर्षणात जिरते आणि खोलीतला घुमारा कमी होतो. अडवणाऱ्या वस्तूत मात्र हवेला वाट मिळताच कामा नये आणि ती जड हवी, कारण हलक्या पडद्याला आवाज सहज हलवतो आणि तो पडदा पलीकडच्या हवेला हलवतो. याशिवाय तिसरं काम असतं ते थेट जमिनीत उतरणारा ठोका तोडण्याचं. त्याला मधे दबणारा, पुन्हा वर येणारा थर लागतो. फोम, रॉकवूल आणि कॉर्क यांत चांगलं कोणतं, हा प्रश्न या तीन कामांपैकी कोणतं करायचं आहे हे ठरवल्याशिवाय सुटत नाही.

उदाहरण म्हणून पुण्यातल्या नेहमीच्या टू बीएचके फ्लॅटमधली दहा बाय नऊ फुटांची बेडरूम घेऊ. तिथे रोज संध्याकाळी तबल्याचा रियाज होतो. एक भिंत शेजारच्या फ्लॅटच्या बेडरूमला लागून आहे, सहा इंची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली. समोर अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आहे, मागे हॉलकडे उघडणारं साधं फ्लश डोअर, आणि खाली दुसऱ्यांचं घर. तबला जोरात वाजला की वादकाजवळ आवाज ८५ ते ९० डेसिबलपर्यंत सहज जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सोपं जातं: दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन डेसिबलचा फरक पुष्कळांना कळतही नाही.

आता फोम. दोन इंच जाड फोमचा एक चौरस मीटरचा तुकडा दीड किलोच्या आसपास भरतो. विटांच्या सहा इंची भिंतीचं प्लास्टरसकट वजन तेवढ्याच क्षेत्राला तीनशे किलोच्या घरात जातं. त्या भिंतीत दीड किलोची भर पडून आवाज अडण्यात काहीच फरक पडत नाही. फोममुळे मिळतं ते इतकंच, की खोलीतला परावर्तित आवाज कमी होतो आणि एकूण पातळी तीन ते पाच डेसिबलने उतरते. तीही फक्त वरच्या पट्टीत.

वरच्याच पट्टीत का, ते तबल्यावरून नीट कळतं. छिद्रं असलेली वस्तू चांगली शोषायला हवी तर तिची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या जवळपास असावी लागते. चाटेवरच्या ‘ना’मधले हजार हर्ट्झच्या पुढचे स्वरांश घेतले तर हा पाव भाग साडेआठ सेंटिमीटरच्या आत येतो. तिथे दोन इंची फोम बऱ्यापैकी काम करतो. काळी एकमध्ये लावलेल्या तबल्याचा मूळ स्वर सुमारे २७७ हर्ट्झ, म्हणजे पाव लहर ३१ सेंटिमीटर. तिथेच फोम अपुरा पडू लागतो. डग्ग्याचा घुमारा नव्वद हर्ट्झच्या आसपास धरला तर पाव लहर जवळजवळ एक मीटर होते, आणि त्या लहरीच्या दृष्टीने भिंतीवर फोम असला काय नि नसला काय, सारखंच. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह भारतीय चर्मवाद्यांवर लिहिलं, तेव्हा शाईमुळे या वाद्यांचे वरचे स्वरांश मूळ स्वराशी सुसंवादी कसे होतात हे दाखवलं होतं. तबल्याचा गोडवा ज्यात आहे ते हेच वरचे स्वरांश. फोम नेमके तेच खातो आणि डग्गा सोडून देतो. वादकाला तबला बद्द वाटू लागतो, तो हात जड करतो, आणि शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज उलट वाढू शकतो.

फोमबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड सोडतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या क्लबमध्ये शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारींनंतर रंगमंचाभोवतीच्या भिंतींवर असा फोम लावला होता. फेब्रुवारी २००३ मध्ये कार्यक्रमातल्या आतषबाजीची ठिणगी त्यावर पडली आणि शंभर माणसं गेली. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ रोजी ‘किस’ क्लबच्या छताचा फोम तसाच पेटला. तिथे २४२ जण दगावले. घरात आतषबाजी नसते, पण स्विचबोर्ड असतो, एक्स्टेंशन बोर्ड असतो, देवघरातली समई असते. फोम घ्यायचाच असेल तर अग्निरोधक असल्याचा चाचणी अहवाल मागावा, स्विचबोर्डाभोवती तो लावू नये आणि पूर्ण खोली त्याने मढवू नये. तो खरोखर शोषणारा आहे का, हे पाहायला तोंड लावून फुंकर मारावी. फुंकर आरपार गेली तर छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत. पॅकिंगचा पांढरा फोम किंवा थर्माकोल फुंकर अडवतो, म्हणून तो शोषतही नाही. आणि हलका असल्याने अडवतही नाही. अंड्यांच्या ट्रेंनीही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडत नाही.

मग फोमवरचे पैसे आधी कुठे घालायचे? दारात आणि खिडकीत. भिंत कितीही जाड असली तरी हवेला वाट सापडली की आवाज तिथूनच जातो, आणि त्याला लागणारी वाट फार लहान असते. क्षेत्रफळाच्या एक टक्का भाग उघडा राहिला तरी त्या भागाचा एकूण अवरोध वीस डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. बेडरूमच्या दाराखाली एक सेंटिमीटरची फट असते. ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम अर्धा टक्का भरते, पण तेवढ्याने दार जास्तीत जास्त तेवीस डेसिबलच अडवू शकतं. मग ते दार सागवानाचं असो की आणखी कशाचं.

रात्री खोलीत अंधार करून बाहेरून दाराच्या चौकटीभोवती टॉर्च फिरवावा. जिथून उजेड आत येईल तिथून आवाज बाहेर जाणार. आजकालच्या फ्लॅटमध्ये आतल्या दारांना उंबरठा नसतो, म्हणून खालची फट बंद करायला टेकच मिळत नाही. लाकडाचा किंवा ग्रॅनाइटचा पातळ उंबरठा बसवून त्याला आणि चौकटीच्या उरलेल्या तीन बाजूंना रबरी गॅस्केट लावली, दारावर आतून बारा मिलिमीटरचं प्लायवूड चिकटवलं आणि वाढलेल्या वजनासाठी एक बिजागरी जास्त घातली, तर एका दिवसाच्या सुतारकामात हॉलमधला फरक घरच्या सगळ्यांना जाणवतो.

खिडकी जास्त अवघड आहे. स्लायडिंगची तावदानं ट्रॅकमध्ये ब्रशच्या पट्टीवर सरकतात, दोन तावदानांच्या मधे फट राहते, आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून खालच्या ट्रॅकला भोकं ठेवलेली असतात. अशी खिडकी वीस-बावीस डेसिबल अडवते, म्हणजे नव्वदमधले जवळजवळ सत्तर बाहेर पडतात आणि शेजारच्या उघड्या खिडकीतून आत शिरतात. तिथल्या लोकांना वाटतं आवाज भिंतीतून येतोय. ती भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर जुलैत पाणी घरात येईल. उपाय आतल्या बाजूला करायचा: भिंतीच्या जाडीत, पहिल्या खिडकीपासून चार इंच आत, बिजागरीवर उघडणारी दुसरी खिडकी, तिला लॅमिनेटेड काच आणि चारही बाजूंनी गॅस्केट. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात, म्हणजे दोघी एकाच स्वराला एकदम कमजोर पडत नाहीत. एसीच्या पाइपांसाठी पाडलेलं भोक बुजवायला विसरू नये. पुष्कळ घरांत ते नुसत्या प्लास्टिकच्या टोपीने झाकलेलं असतं.

हे झाल्यावरच शेजारच्या भिंतीकडे वळावं. ती विटांची असेल तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस डेसिबल अडवते. अलीकडच्या इमारतींमध्ये हलक्या एएसी ब्लॉकची असते, तेव्हा हा आकडा चार-पाचने खाली येतो. म्हणजे शेजारी बेचाळीस ते सत्तेचाळीस डेसिबलचा तबला पोहोचतो. दिवसा रहदारीत तो हरवेल. रात्री नऊला मूल झोपवताना मात्र ऐकू येईल.

इथे रॉकवूल कामाला येतं, पण फोमच्या जागी भिंतीवर चिकटवून नाही. वितळलेल्या खडकापासून काढलेल्या या तंतूंमधूनही हवा खेळते, म्हणून नुसतं लावलं तर तेही शोषण्याचंच काम करील. आवाज अडवायला त्याच्यासमोर एक जड पडदा उभा करावा लागतो. शेजारच्या भिंतीपासून एक सेंटिमीटर सोडून दोन इंची लोखंडी चॅनेलचा सांगाडा उभा करतात. तो जमिनीला आणि छताला धरलेला असतो, भिंतीला एकाही ठिकाणी टेकत नाही. चॅनेलमध्ये ५० मिलिमीटरच्या रॉकवूलच्या पाट्या न दाबता बसवतात. पुढे साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डचे दोन थर येतात, दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर न येतील असे. कडेने सगळीकडे न वाळणारं, लवचिक सीलंट भरतात. खोलीतून साडेतीन इंच जागा जाते. आवाज दहा ते पंधरा डेसिबलने उतरतो, म्हणजे शेजाऱ्यांना पूर्वीच्या निम्म्याहून कमी वाटतो.

यात काम तीन गोष्टी मिळून करतात: जुनी भिंत, बोर्डचं वजन आणि दोहोंमधली हवा. ही हवा स्प्रिंगसारखी वागते. रॉकवूल त्या पोकळीत घुमणारा आवाज जिरवतं आणि रिकाम्या पोकळीच्या तुलनेत पाचेक डेसिबलची भर घालतं. पोकळीत ४८ घनतेचं घातलं काय नि ९६ घनतेचं, फरक नगण्य पडतो. महाग घनतेवर खर्च करण्याऐवजी बोर्डचा दुसरा थर लावणं केव्हाही चांगलं.

हेच काम अर्धवट केलं तर ते न केल्याहून वाईट ठरू शकतं, आणि फ्लॅटमध्ये नेमकं तेच वारंवार होतं. जागा वाचवायला सुतार एक इंची बॅटन थेट भिंतीवर ठोकतो, त्यावर बोर्डचा एकच थर मारतो. स्प्रिंग ताठ झाली, वजन कमी पडलं. अशा जोडीला स्वतःचा एक स्वर असतो, ज्याला ती विरोध न करता साथ देते. वर सांगितलेल्या सांगाड्यात हा स्वर साठ हर्ट्झच्या आसपास, डग्ग्याच्या खाली राहतो. एक इंची बॅटन आणि एका बोर्डमध्ये तो १३० हर्ट्झच्या जवळ चढतो, म्हणजे डग्ग्याच्या राज्यात. शेजारी सांगतात की बोल आता ऐकू येत नाहीत, पण ‘घुं’ वाढलाय, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं. शिवाय बॅटनमध्ये ठोकलेला प्रत्येक स्क्रू कंपनांना भिंतीत उतरायला पूल देतो.

वजन हवं म्हणून विटांची दुसरी भिंत बांधायचा मोह होतो. तो टाळावा. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला दोनशे किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय त्यावर नवी भिंत उभी करणं धोक्याचं आहे. जिप्समचा हा पडदा भिंतीच्या चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास भरतो.

रॉकवूल जळत नाही, हा त्याचा फोमवरचा मोठा गुण. त्याचे तंतू त्वचेला खाजवतात आणि घशाला त्रास देतात, म्हणून काम करताना पूर्ण बाह्या, गॉगल आणि चांगला मास्क हवा, आणि काम झाल्यावर ते कुठेही उघडं राहू नये. कॅन्सरच्या भीतीने लोक त्याला नको म्हणतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००१ मध्ये इमारतींत वापरली जाणारी काच-लोकर आणि खडक-लोकर तपासून त्यांना गट ३ मध्ये ठेवलं, म्हणजे त्यांच्यामुळे माणसाला कॅन्सर होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आपल्याकडे खरी अडचण ओल आहे. पावसाळ्यात ज्या भिंतीला पोपडे येतात तिच्यासमोर हा पडदा उभा केला तर रॉकवूल पाणी धरून ठेवतं, बोर्डला बुरशी येते आणि गळती कुठून हे शोधायला सगळं उचकटावं लागतं. आधी वॉटरप्रूफिंग, मग एक पावसाळा जाऊ द्यावा, मग सांगाडा.

उरला कॉर्क. तो सुंदर दिसतो, झाडाच्या सालीचा असतो, आणि त्यामुळे लोक भिंतीवर त्याच्या पाच-सहा मिलिमीटरच्या टाइल लावून शांततेची वाट पाहतात. रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचा काप पाहिला, तेव्हा त्याला बारीक बारीक बंद कप्पे दिसले आणि त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. जीवशास्त्रातला पेशीसाठीचा शब्द तिथून आला. कॉर्कचे गुणदोष त्या बंद कप्प्यांतच आहेत. हवा आत शिरत नाही, म्हणून तो फारसा शोषत नाही. वजन कमी, म्हणून अडवतही नाही. पण दाबला की कप्प्यांतली हवा दबते आणि परत उसळते. म्हणून त्याची जागा भिंतीवर नाही, पायाखाली आहे.

खालच्या मजल्यावर जाते ती मुख्यतः पावलांची टकटक, खुर्चीचा सरकण्याचा आवाज, तालासाठी आपटलेली टाच. टाइल आणि नव्या लाकडी फरशीमध्ये कॉर्कचा सहा मिलिमीटरचा थर घातला तर असे टणक, वरच्या पट्टीतले ठोके चांगलेच मऊ होतात. बसून वाजवणाऱ्यासाठी पूर्ण फरशी बदलायचीही गरज नाही. प्लायवूडचे १८ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना जोडून चार बाय सहाची बैठक करावी, तिच्याखाली कॉर्क, वर सतरंजी, आणि तिच्या कडा भिंतीला टेकू देऊ नयेत. तबला चुंबळीवर असतोच, त्यामुळे त्याच्याकडून जमिनीत उतरणारं थोडंच असतं आणि ही बैठक त्याला पुरते.

कॉर्कची मर्यादा मात्र पायाने वाजवायच्या ड्रमपाशी कळते. हलक्या बैठकीखाली कॉर्क ताठच राहतो, आणि ताठ स्प्रिंग खालचे स्वर तोडत नाही. ड्रमसेट किंवा कथ्थकची तत्कार असेल तर बैठकीखाली जमिनीसाठी बनवलेल्या जड घनतेच्या रॉकवूलच्या पाट्या किंवा जाड रबर हवं, आणि बैठकही जास्त जड हवी. मायव्हन पद्धतीने ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असलेल्या इमारतीत हे आणखी महत्त्वाचं ठरतं. तिथल्या भिंती हवेतला आवाज छान अडवतात, पण भिंती आणि स्लॅब एकसंध असल्याने एका मजल्यावरचा ठोका तीन मजल्यांवर फिरतो.

हे सगळं झाल्यावर फोमला त्याची खरी जागा मिळते, तीही थोडीच. जिप्समच्या कडक भिंतींमुळे खोली परत घुमू लागते. वादकाच्या समोर आणि बाजूला, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे दोन-तीन शोषक तुकडे पुरतात. तिथेही रॉकवूलच्या चार इंची पाट्या लाकडी चौकटीत घालून, वर सुती कापड ताणून लावल्या तर फोमपेक्षा खालपर्यंतचे स्वर शोषले जातात. एकमेकांसमोरच्या भिंती तीन मीटरवर असलेल्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपास पहिली उभी लहर तयार होते आणि तिचा जोर कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो, म्हणून दोन पाट्या कोपऱ्यात तिरक्या उभ्या केल्या की डग्ग्याची मींड जास्त स्वच्छ ऐकू येते.

इतकी बंद केलेली खोली अर्ध्या तासात कोंदट होते. स्प्लिट एसी तीच हवा थंड करून फिरवतो, नवी आणत नाही. छोट्या रियाजासाठी मधे दार उघडणं पुरेसं असतं. दोन-दोन तास बसणाऱ्यांसाठी सुतार प्लायवूडची एक पेटी करून देऊ शकतो, आतून रॉकवूल आणि कापडाने मढवलेली, जिच्यातून हवा तीन-चार वळणं घेऊन जाते. शांत चालणारा छोटा पंखा तिच्या खोलीकडच्या तोंडाशी बसतो. पेटी जितकी लांब आणि वळणं जितकी जास्त, तितका आवाज आत जिरतो, आणि तितकीच ती कपाटाच्या वरची जागा खाते. तिचं माप आणि तिच्यासाठीचं भोक सांगाडा उभा करायच्या आधी ठरलेलं असावं, कारण दोन थरांच्या बोर्डमध्ये नंतर पाडलेलं भोक पुन्हा नीट हवाबंद होत नाही.